अर्ध्यात मिटवलेले कार्ड

खांब, कोलाड, नागोठणे या पट्ट्यात ‘ओटीएस’ कोणाला समजावून सांगावे लागत नाही. २०१७ च्या कर्जमाफीत दीड लाखाच्या वर थकबाकी असलेल्या शेतकऱ्याने वरची रक्कम एकदम भरायची आणि दीड लाख शासनाने भरायचे, अशी सोय होती. त्यामुळे एकरकमी परतफेड म्हणजे थोडे आपण भरायचे, उरलेले कोणीतरी भरणार आणि सातबारा मोकळा होणार, हे गणित घरोघरी पक्के बसले आहे. क्रेडिट कार्डाची थकबाकी मिटवायला निघालेला माणूसही तेच गणित मनात धरून बसतो, आणि तिथेच फसतो. कार्डाच्या सेटलमेंटमध्ये उरलेले पैसे कोणीच भरत नाही. बँक ते सोडून देते, आणि सोडून दिल्याची नोंद कर्जदाराच्या नावापुढे लिहून ठेवते.

कार्ड या भागात आले ते बँकेच्या शाखेतून कमी आणि पगाराच्या खात्यातून जास्त. धाटाव एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांत, डोलवीच्या पोलाद कारखान्यात किंवा नागोठण्याच्या प्रकल्पात कंत्राटी कामावर लागलेल्या तरुणाचे पगार खाते उघडले की सहा महिन्यांत फोन येतो आणि कार्ड घरपोच पडते. पुढे कंत्राट बदलते, नवा ठेकेदार जुनी माणसे घेत नाही, दोन-तीन महिने हातात काही येत नाही. कार्ड थकते ते बहुतेक इथे. चैनीमुळे थकलेलीही असतात, नाही असे नाही. पण सेटलमेंटच्या फोनवर रडकुंडीला आलेले बहुधा पहिल्या प्रकारातले.

आकडे मांडल्याशिवाय हा विषय कळत नाही, म्हणून एक हिशोब मांडू. माणूस कल्पित आहे, दर मात्र रोज दिसणारे आहेत. समजा, खांबमधून रोज धाटावला जाणाऱ्या एकाचे कार्डावर ८०,००० रुपये देणे असताना काम सुटले आणि भरणा थांबला. व्याज महिना पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ४५. पहिल्या महिन्याचे व्याज ३,०००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ५४०. उशिराचा दंड १,२०० धरू, त्यावरही जीएसटी, २१६. एकूण ४,९५६ रुपये. व्याजावर व्याज अजिबात धरले नाही तरी आठ महिन्यांत ३९,६४८ रुपये वाढतात आणि देणे १,१९,६४८ वर जाते. आठ महिन्यांत दीडपट, तेही एकही नवी खरेदी न करता.

इतका चढा दर कायद्याला चालतो का, असे लोक विचारतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. त्यामुळे ‘तीसच्या वर व्याज घेताच येत नाही’ हा युक्तिवाद आता वाटाघाटीत कामाचा नाही. कामाचा आहे तो रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा कार्डविषयक निर्देश. थकलेले आकार, दंड आणि कर मुद्दलात घालून त्यावर पुन्हा व्याज लावायचे नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. उशिराचा दंडही थकलेल्या रकमेपुरताच, आणि देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उलटले तरच. म्हणून बोलणी सुरू करण्याआधी पहिले काम एकच: बँकेला ईमेल करून थकबाकीची फोड मागायची. मुद्दल किती, व्याज किती, दंड किती, जीएसटी किती. फोनवरचा माणूस एकच मोठा आकडा सांगत राहतो. फोड हातात आली की त्यातले किती आपण खर्चले आणि किती आपल्यावर चढले, हे दोघांनाही दिसते.

आता बँक सूट का देते, ते पाहू. दया हे त्याचे कारण नाही. किमान देय रक्कम देय तारखेपासून ९० दिवसांत पूर्ण भरली नाही तर कार्ड खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए ठरते. तिथून बँकेला त्या थकबाकीपोटी स्वतःच्या नफ्यातून तरतूद बाजूला काढावी लागते. कार्डामागे ना सोने तारण, ना घर, ना जामीनदार. त्यामुळे साधारण सहा महिने उलटले की बऱ्याच बँका ते देणे आपल्या वहीतून काढून टाकतात. यालाच राइट-ऑफ म्हणतात. माफी ती नव्हे. बँकेने तोटा पचवलेला असतो आणि त्यानंतर जे येईल ते तिला वरकमाईसारखे असते. म्हणून दोन महिने थकलेल्याला सूट जवळपास मिळत नाही, आठ महिने थकलेल्याला पुष्कळ मिळते. तिमाही संपताना, विशेषतः मार्चमध्ये, वसुली विभागाला आकडा दाखवायचा असतो, तेव्हा हात आणखी सैल होतो.

यातून एक वाईट सल्ला फैलावला आहे: ‘भरूच नका, सहा महिने थांबा, मग अर्ध्यात मिटेल.’ हा सल्ला देणाऱ्या काही सल्लागार कंपन्या तर त्यासाठी फी घेतात. हप्ते भरायची ताकद असलेल्या माणसाला हा सल्ला देणे म्हणजे त्याचे नुकसान करणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. थकबाकी एक-दोन महिन्यांची असेल तर मागायचे ते वेगळे: आहे ती रक्कम कमी व्याजाच्या मासिक हप्त्यांत बदलून द्या आणि दंड माफ करा. बँका हे करतात, आणि पूर्ण फेड झाली की खाते साधेपणाने बंद होते. सेटलमेंट हा रस्ता ज्याचे खाते आधीच बुडीत गेले आहे आणि ज्याला पूर्ण रक्कम खरोखरच झेपत नाही, त्याच्यासाठी आहे.

आपल्या खांबच्या माणसाचे आठ महिने झाले आहेत, म्हणजे तो या रस्त्यावर आलाच आहे. तो रोह्याच्या किंवा कोलाडच्या शाखेत जाऊन बसला तर फारसे काही निष्पन्न होणार नाही. शाखाधिकाऱ्याला कार्डाच्या थकबाकीवर सूट देण्याचा अधिकार सहसा नसतो. तो विभाग वेगळा, शहरात बसणारा. त्याने लिहायचे ते कार्ड कंपनीच्या तक्रार निवारण आणि नोडल अधिकाऱ्याच्या पत्त्यावर. सोबत काम सुटल्याचे पत्र, बंद पडलेल्या पगाराचे खाते-उतारे, दवाखाना झाला असेल तर त्याची बिले. आणि मुख्य म्हणजे एक आकडा आणि एक तारीख: ‘इतके रुपये अमुक तारखेपर्यंत देऊ शकतो.’ पैसे जमले नसताना बोलणी सुरू करणे ही सर्वांत नेहमी होणारी चूक. कागदावर तारीख पडली की ती पाळावी लागते.

बोलणी साधारण अशी चालतात. वसुलीचा माणूस म्हणतो, “साहेब, पंचाण्णव हजारांत फाइल बंद करतो, पण आज संध्याकाळपर्यंत सांगा.” ‘आज संध्याकाळ’ ही मुदत बहुतेक वेळा खोटी असते, तोच प्रस्ताव पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो, कधी कमी होऊन येतो. इकडून चाळीस हजार म्हणायचे. दोन-तीन आठवड्यांत, दोन-तीन वेगवेगळ्या माणसांशी बोलून, समजा साठ हजारांवर ठरले, वीस-वीस हजारांचे तीन हप्ते. हप्ते तीनच का? कारण रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३ च्या तडजोडविषयक परिपत्रकानुसार, ठरलेली रक्कम द्यायला तीन महिन्यांहून जास्त मुदत दिली तर ती तडजोड न राहता पुनर्रचना मानली जाते आणि बँकेला वेगळे नियम लागू होतात. म्हणून ‘वर्षभरात देतो’ म्हणणाऱ्याला बँक सहसा दाद देत नाही. त्याच परिपत्रकानुसार तडजोडीला मंजुरी देणारा अधिकारी कर्ज मंजूर करणाऱ्यापेक्षा किमान एक पायरी वरचा असावा लागतो. फोनवरच्या पोराने “मी मंजूर करतो” म्हटले तरी ती मंजुरी त्याच्या हातात नसते, हे यावरून ओळखावे.

साठ हजारांवर मिटले तेव्हा सुटले किती? ५९,६४८. त्यातले ३९,६४८ व्याज, दंड आणि कर होते, आणि बँकेच्या स्वतःच्या मुद्दलातून सोडलेले फक्त २०,०००. हा दुसरा आकडा लक्षात ठेवायचा, कारण वाटाघाटीत एक जास्त चांगला पर्याय त्याच्यात लपलेला आहे. माणूस साठऐवजी ऐंशी हजार उभे करू शकत असेल तर त्याने सेटलमेंट मागूच नये. त्याने मागावे ते असे: चढलेले व्याज आणि दंड आधी खात्यावर उलट नोंदीने कमी करा, मग उरलेली पूर्ण रक्कम मी भरतो आणि तुम्ही खाते Closed म्हणून कळवा. काही बँका तयार होतात, काही होत नाहीत. पण वीस हजारांच्या फरकात पुढची कित्येक वर्षे बदलतात, म्हणून विचारून पाहण्यासारखे हे एकच वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते.

पैसे कुठून उभे करायचे, याबद्दल इकडच्या भागात एक धोका विशेष आहे. बायकोचे मंगळसूत्र किंवा पाटल्या तारण ठेवून सोनेतारण कर्ज काढणे हा बरा मार्ग. व्याज कार्डाच्या चौथाईच्या आसपास, आणि फिटले की दागिना परत. पण कित्येकजण गावच्या पतसंस्थेतून कर्ज काढतात, चुलतभावाला किंवा साडूला जामीन ठेवून. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येते. कर्ज थकले तर तिला दिवाणी दाव्यात वर्षे घालवावी लागत नाहीत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळतो आणि जप्तीपर्यंत जाता येते, जामीनदाराच्याही. म्हणजे ज्या देण्यामागे काहीच तारण नव्हते ते फेडण्यासाठी ज्यामागे नात्यातला माणूस उभा आहे असे देणे घेतले. सिबिलच्या भीतीने हा सौदा करणाऱ्याला थांबवावेसे वाटते.

ठरले की पत्र. पत्राशिवाय एक रुपयाही भरू नये. पत्र बँकेच्या लेटरहेडवर, बँकेच्या अधिकृत ईमेलवरून आलेले हवे. त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे, एकूण थकबाकी, ठरलेली रक्कम, हप्त्यांच्या तारखा, ही रक्कम ‘पूर्ण व अंतिम’ आहे हे शब्द, आणि शेवटी क्रेडिट संस्थांकडे खाते कोणत्या नावाने कळवले जाईल हे हवे. शेवटचा मुद्दा बँका स्वतःहून क्वचित लिहितात. आलेले पत्र खरे की खोटे, हे कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर फोन करून तपासता येते. भरणा कार्डाच्या खात्यातच करायचा. वसुलीच्या माणसाच्या स्वतःच्या यूपीआयवर भरलेले पैसे बँकेपर्यंत पोहोचतील याची कोणतीही खात्री नाही, मग तो कितीही ओळखीचा आणि रोह्याचाच का असेना. आणि एक हप्ता चुकला तर? बहुतेक पत्रांत लिहिलेलेच असते: तडजोड रद्द, भरलेले पैसे जुन्या थकबाकीत जमा, उरलेले सगळे देणे पुन्हा उभे. आपल्या माणसाने चाळीस हजार भरून शेवटचे वीस चुकवले, तर त्याच्यावर सुमारे ऐंशी हजारांचे देणे उरेल, म्हणजे सुरुवातीला होते तेवढेच.

आता सिबिल. रोजच्या बोलण्यात ‘सेटलमेंट केली की शंभर पॉइंट जातात’ असे छातीठोकपणे सांगितले जाते. ३०० ते ९०० मधला हा आकडा नेमका कोणत्या सूत्राने निघतो, हे सिबिल जाहीर करत नाही. त्यामुळे ठरावीक पॉइंटांची भाकिते सोडून द्यावीत. जे दिसते ते असे आहे. रिपोर्टमध्ये प्रत्येक खात्यापुढे गेल्या ३६ महिन्यांची हप्त्यांची पट्टी असते, कोणत्या महिन्यात किती दिवस थकले ते दाखवणारी. आपल्या माणसाच्या पट्टीत तीस, साठ, नव्वद असे आकडे आधीच उमटले आहेत आणि त्याचा स्कोअर तिथेच कोसळला आहे. सेटलमेंटच्या दिवशी तो आणखी थोडा हलेल किंवा हलणारही नाही. त्यामुळे स्कोअर पडला तो भरणा थांबल्यामुळे. सेटलमेंटने पडला, ही लोकांची समजूत उलट क्रमाने बसलेली आहे.

सेटलमेंटची खरी किंमत दुसऱ्या रकान्यात आहे. तिथे Settled असे उमटते. खाते आधीच राइट-ऑफ झाले असेल तर Post (WO) Settled. बँकेचा कर्ज मंजूर करणारा विभाग स्कोअर पाहतो, पण तो हा रकाना वेगळा पाहतो. पुढे कमावून, वेळेवर भरून स्कोअर सव्वासातशेवर नेला तरी ‘सेटल्ड खाते आहे का’ या प्रश्नाला उत्तर ‘हो’ असेच येते, आणि कित्येक बँकांच्या नियमात तेवढ्यावर अर्ज थांबतो. २०२३ च्या परिपत्रकाने तर शेतीखेरीजच्या कर्जांसाठी तडजोड केलेल्या कर्जदाराला त्याच बँकेने किमान १२ महिने नवे कर्ज देऊ नये, असे बंधनच घातले आहे; बँक ही मुदत वाढवू शकते, आणि व्यवहारात तीच बँक पुन्हा दारात उभे करील ही अपेक्षा धरू नये. क्रेडिट माहिती कंपन्यांच्या २००५ च्या कायद्यानुसार ही माहिती किमान सात वर्षे जपून ठेवायची असते. त्या काळात दुचाकीचे कर्ज मिळते, सोनेतारण मिळते, ट्रॅक्टरसाठी एखादी वित्त कंपनीही पुढे येते. अडते ते घराचे कर्ज, आणि अडले नाही तर महाग पडते.

महाग म्हणजे किती, हे त्याच माणसावर बसवून पाहू. तीन वर्षांनी त्याला धाटावला कायम नोकरी लागली आणि घर बांधायला १५ लाखांचे कर्ज हवे आहे, २० वर्षांसाठी. स्वच्छ रिपोर्टवर बँक पावणेनऊ टक्क्यांनी देत असेल तर हप्ता सुमारे १३,२५६ रुपये. सेटल्ड खात्यामुळे बँकेने नाकारले आणि गृहवित्त कंपनीने पावणेअकरा टक्क्यांनी दिले तर हप्ता सुमारे १५,२२८. महिन्याला १,९७२ रुपयांचा फरक. सेटलमेंटमध्ये वाचलेले ५९,६४८ रुपये एकतिसाव्या महिन्यात संपतात आणि उरलेली साडेसतरा वर्षे तो फरक भरतच राहतो, निदान कर्ज दुसऱ्या बँकेत हलवता येईपर्यंत. उलट, ज्याला घरकर्ज घ्यायचेच नाही, वय पन्नाशीचे आहे, घर वडिलोपार्जित आहे, त्याच्यासाठी हीच सेटलमेंट साठ हजारांची निव्वळ बचत आहे. म्हणून ‘सेटलमेंट करावी का’ याला एकच उत्तर नाही. पुढच्या सात वर्षांत कर्ज घ्यायचे आहे का, आणि कोणते, यावर ते ठरते. घरात कोणी बँक भरतीची परीक्षा देणारा असेल तर कार्ड त्याच्या नावावरचे आहे का, हेही पाहावे. बँकांच्या भरतीच्या जाहिरातींत उमेदवाराचा क्रेडिट इतिहास तपासण्याची अट आता असते.

काहीच न करता बसून राहणे हा तिसरा पर्याय, आणि तो निवडणारे पुष्कळ आहेत. त्यांचा भरवसा तीन वर्षांच्या मुदतीवर असतो. मुदत कायद्यानुसार अशा देण्याचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो, हे खरे. पण मुदतीच्या आत देणे लेखी कबूल केले किंवा काही रक्कम भरली तर ती नव्याने सुरू होऊ शकते. “निदान पाचशे तरी भरा, खाते जिवंत दिसेल” असे जे सांगितले जाते त्यामागे हेही असते. आणि मुदत उलटली तरी रिपोर्टवरची Written-off ही नोंद मुदतीबरोबर पुसली जात नाही. कर्ज देणाऱ्याच्या नजरेत सेटल्ड वाईट, पण न मिटलेले राइट-ऑफ त्याहून वाईट: पहिल्यात व्यवहार संपला, दुसऱ्यात तो अजून गळ्यात आहे. शिवाय पगार खाते त्याच बँकेत असेल तर बँक करारातल्या हक्काने त्या खात्यातली रक्कम अडवू शकते. नवी नोकरी लागल्यावर पगार दुसऱ्या बँकेत घेणे हे त्यामुळे शहाणपणाचे.

तुरुंगाची धमकी मात्र बहुतेक वेळा पोकळ असते. कार्ड थकणे हे दिवाणी देणे आहे. अपवाद धनादेश वटला नाही तर, किंवा खात्यातून आपोआप वळती होणारा हप्ता पैसे नसल्याने परत गेला तर. त्यावर फौजदारी तक्रार होऊ शकते, म्हणून सेटलमेंटच्या हप्त्यांसाठी पुढच्या तारखेचे धनादेश देऊ नयेत. वसुलीच्या माणसाला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले आहे. शेजारी, नातेवाईक किंवा ठेकेदाराला फोन करून बदनामी करणेही नियमांत बसत नाही. असे फोन आले तर तारीख आणि वेळ लिहून ठेवावी. तक्रारीला त्याचा उपयोग होतो आणि वाटाघाटीतही होतो.

कधीकधी रोह्याच्या न्यायालयातून लोक अदालतीची नोटीस येते. अजून दावा दाखल नसतानाही बँका अशी प्रकरणे दाखलपूर्व म्हणून पाठवतात. नोटीस पाहून घाबरून घरी बसणारे असतात. खरे तर तिथे जाणे फायद्याचे असते. बँकेचा अधिकारी समोर असतो, निर्णय घेण्याचा अधिकार घेऊन आलेला असतो, आणि सूट फोनवरच्यापेक्षा बरी मिळू शकते. वकील लागत नाही. पण तिथे सही करण्याआधी दोन गोष्टी माहीत हव्यात. लोक अदालतीचा निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या बरोबरीचा असतो आणि त्यावर अपील नसते. हप्ता चुकला तर बँक थेट अंमलबजावणीला जाऊ शकते. आणि न्यायालयात मिटले म्हणून रिपोर्ट स्वच्छ होत नाही. रक्कम सोडून मिटवलेले खाते तिथेही सेटल्डच राहते.

पैसे भरून झाले की थकबाकी नसल्याचा दाखला, म्हणजे एनओसी, मागून घ्यावा. देणे मिटल्यावर बँकेने ३० दिवसांत क्रेडिट संस्थांना नवी स्थिती कळवायची असते. भारतात अशा संस्था चार आहेत, सिबिल त्यातली फक्त एक. इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हायमार्कचे रिपोर्टही पाहावेत, कारण घरकर्ज देणारी कंपनी कोणाचा पाहील हे आपल्या हातात नसते. प्रत्येक संस्थेकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात आपल्या माणसाने पाहायचे ते इतकेच: थकीत रक्कम शून्य दाखवते का, आणि स्थिती पत्रातल्याप्रमाणे आहे का. बऱ्याचदा असे होते की बँकेने थकबाकी वसुली कंपनीला विकलेली असते, आणि एकच देणे दोन नावांनी दिसते, एक मिटलेले आणि एक उभे. हे चूक म्हणून दुरुस्त करून घ्यायचे. संस्थेच्या संकेतस्थळावर हरकत नोंदवली आणि ३० दिवसांत तिचा निकाल लागला नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याची तरतूद २०२४ पासून लागू आहे. बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. चुकीची नोंद, पत्राप्रमाणे न वागणे, वसुलीतला त्रास, यांवर लोकपाल काही करू शकतो. ‘बँक अर्ध्यात मिटवत नाही’ ही तक्रार मात्र तिथे चालत नाही. सूट द्यायची की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो.

आणि ज्याने तीन वर्षांपूर्वी साठ हजारांत मिटवले आणि आता घरकर्ज नाकारले गेले, त्यालाही दार पूर्ण बंद नाही. तो जुन्या बँकेला लिहून विचारू शकतो की सोडलेली रक्कम आता भरली तर खाते Closed करून कळवाल का. बँका सहसा हो म्हणतात, कारण त्यांच्यासाठी हे विसरलेले पैसे असतात. मागितली जाणारी रक्कम मात्र पुन्हा घासाघीस करून ठरवावी: पूर्ण ५९,६४८ मागितले तर मुद्दलातले २०,००० घ्या, व्याज-दंड राहू द्या, असे म्हणून पाहावे, आणि पत्रात ‘Closed’ हा शब्द आल्याखेरीज भरू नये. ३६ महिन्यांच्या पट्टीतले जुने लाल आकडे त्याने पुसले जात नाहीत. ते वेळेने मागे सरकतात. तोवर मुदत ठेवीवर मिळणारे छोटे कार्ड घेऊन दर महिन्याला पूर्ण बिल भरत राहिले तर नव्या, स्वच्छ महिन्यांची पट्टी तयार होत जाते. दहा हजारांच्या ठेवीवरही असे कार्ड मिळते, आणि महिन्याला पेट्रोलपुरते वापरले तरी पुरते.